लकी ड्रॉ आणि दुसऱ्या संधीची सोडत: आपली खरी शक्यता कशी काढायची?

कुपनावर शक्यता कुठेच छापलेली नसते. मग ती काढायची कशी?

दसरा-दिवाळीच्या लकी ड्रॉमध्ये शक्यता आधी छापता येतच नाही, कारण एकूण किती कुपने पेटीत पडणार हे योजना सुरू होताना दुकानदारालाही ठाऊक नसते. ती शेवटच्या दिवशीच ठरते. हिशेबाला तीन आकडे लागतात: तुमची कुपने, बक्षिसांची संख्या आणि पेटीतली एकूण कुपने. पहिला आकडा तुमच्या हातात असतो आणि दुसरा जाहिरातीत असतो. खरे काम तिसऱ्याचा अंदाज बांधण्याचे आहे, आणि तो अंदाज बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बराच चांगला बांधता येतो.

ढोबळ हिशेब असा: तुमची कुपने गुणिले बक्षिसे, भागिले एकूण कुपने. उत्तर दहा टक्क्यांच्या आत असेल तर एवढे पुरते. त्याहून मोठे आले तर खालचे सूत्र वापरा, कारण नुसत्या गुणाकाराने शक्यता फुगलेली दिसते.

एकूण कुपने किती निघाली हे दुकानातले कोणी सांगत नाही. अंदाज कसा बांधायचा?

कुपनावरचा क्रमांक बघा. एकाच दुकानाची योजना असेल आणि कुपने एका पुस्तिकेमागून दुसरी अशी ओळीने फाडून दिली जात असतील, तर तो क्रमांक म्हणजे त्या क्षणापर्यंत निघालेल्या कुपनांचा आकडाच असतो. दोन वेगवेगळ्या दिवशी खरेदी केली असेल तर दिवसाला किती कुपने जातात तेही कळते.

समजा, एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात तीस दिवसांची योजना आहे आणि दर पूर्ण ₹२,००० च्या खरेदीवर एक कुपन मिळते. सहाव्या दिवशी संध्याकाळी तुम्हाला २३१० क्रमांकाचे कुपन मिळाले आणि सोळाव्या दिवशी संध्याकाळी ७११० क्रमांकाचे. मधल्या दहा दिवसांत ४,८०० कुपने गेली, म्हणजे दिवसाला ४८०. पहिल्या सहा दिवसांत मात्र हा वेग ३८५ च होता. गर्दी वाढत चालली आहे हे इथेच दिसते. उरलेले चौदा दिवस ४८० चाच वेग धरला तर शेवटचा क्रमांक १३,८३० च्या आसपास जाईल. दिवाळीच्या तोंडावर गर्दी दीडपट होईल असे धरले तर तो १७,१९० होईल. एकच नेमका आकडा शोधत बसू नका. खालचा आणि वरचा असे दोन्ही लिहून ठेवा.

आता एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. निघालेले प्रत्येक कुपन पेटीत जात नाही. नाव, पत्ता, मोबाइल नंबर लिहायचा कंटाळा करून लोक ते पाकिटात कोंबतात, आणि पिशवीतून ते रद्दीत जाते. काउंटरजवळ पाच-दहा मिनिटे उभे राहून वीस-तीस ग्राहकांकडे पाहिले तर किती जण भरतात याचा अंदाज येतो. वरच्या उदाहरणात दहातली सात कुपने भरली जातात असे धरू. मग पेटीत सुमारे ९,७०० ते १२,००० कुपने असतील. मधला आकडा ११,००० घेऊ. दुकानदार स्वतःच कुपने भरून पेटीत टाकत असेल, तर मात्र ही सूट धरू नका.

माझ्याकडे सहा कुपने आहेत. त्यावर शक्यता किती?

त्याच दुकानात एक स्कूटर, पाच टीव्ही आणि ₹१,००० ची शंभर व्हाउचर, अशी १०६ बक्षिसे आहेत असे समजू. स्कूटरपुरते बोलायचे तर ११,००० मध्ये ६, म्हणजे साधारण १,८३० त एक. पण “काहीतरी” लागण्याची शक्यता वेगळी काढावी लागते. स्प्रेडशीटमध्ये हे टाका:

```
=1-(1-106/11000)^6
```

उत्तर ०.०५६, म्हणजे ५.६ टक्के. साधारण अठरात एक. पेटीत ९,७०० कुपने असतील तर ६.४ टक्के आणि १२,००० असतील तर ५.२ टक्के. म्हणजे अंदाज बराच हलला तरी उत्तर सोळात एक ते एकोणिसात एक यांच्यामध्येच राहते. एकूण कुपनांचा तंतोतंत आकडा नसला तरी अडत नाही, ते यामुळे.

आणि हेही लक्षात घ्या की या अठरात एकपैकी जवळजवळ सगळा वाटा व्हाउचरचा आहे. “१०६ बक्षिसे” असे मोठ्या अक्षरांत लिहून वर स्कूटरचे चित्र छापलेले असते तेव्हा दोन वेगळ्या शक्यता एकाच नजरेत मिसळतात. त्या कागदावर वेगळ्या काढा.

शाखा अनेक आहेत किंवा योजना सगळ्या बाजारपेठेची आहे. मग क्रमांक उपयोगी पडतो का?

थेट नाही. साखळी दुकानांत प्रत्येक शाखेला वेगळी मालिका दिलेली असते. अनेकदा क्रमांकाआधीचे अक्षर शाखा सांगते. अशा वेळी आपल्या शाखेचा अंदाज काढून शाखांच्या संख्येने गुणा, पण आपली शाखा मोठी की लहान याचा विचार करून. व्यापारी संघटनेच्या योजनेत दुकानदार कुपनांच्या पुस्तिका आगाऊ विकत घेतात. तिथे तुमच्या क्रमांकावरून काहीच कळत नाही, कारण शेजारच्या दुकानातली पुस्तिका दहा हजारांनी पुढची असू शकते. ओळखीच्या दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: एका पुस्तिकेत किती कुपने, आणि एकूण किती पुस्तिका छापल्या? हे तो सहसा सांगतो, कारण त्यात गुपित काही नसते.

दुसरा मार्ग विक्रीचा. ₹२,००० ला एक कुपन असेल आणि योजनेच्या काळात दुकानाची विक्री दोन कोटी झाली असेल, तर कुपने दहा हजारांपेक्षा जास्त निघूच शकत नाहीत. प्रत्यक्षात कमीच निघतात, कारण “दर पूर्ण ₹२,०००” या शब्दांत ₹३,९०० च्या बिलाला एकच कुपन बसते आणि ₹१,९५० च्या बिलाला एकही नाही. म्हणूनच एका घरातल्या तिघांनी वेगवेगळी बिले करू नयेत. ₹१,५०० ची तीन बिले केली तर हाती शून्य कुपने, आणि एकत्र ₹४,५०० चे बिल केले तर दोन.

“दहा हजार ग्राहकांनी भाग घेतला” असे जाहिरातीत होते. म्हणजे माझी शक्यता दहा हजारांत एक?

नाही. सोडत माणसांमधून निघत नाही, कुपनांमधून निघते. सराफाच्या दुकानात ₹५,००० ला एक कुपन असेल, तर लग्नाची पाच लाखांची खरेदी करणाऱ्या घराकडे शंभर कुपने जातात आणि कानातली घेणाऱ्याकडे दोन-तीन. माणशी सरासरी सहा कुपने धरली तर दहा हजार ग्राहकांची साठ हजार कुपने होतात. तुमची शक्यता म्हणजे एकूण विक्रीतला तुमच्या खरेदीचा वाटा, इतके ते सरळ आहे.

दरडोई मर्यादा असते तेव्हा चित्र बदलते. केंद्र सरकारच्या ‘मेरा बिल मेरा अधिकार’ या योजनेत (१ सप्टेंबर २०२३ पासून गुजरात, आसाम, हरियाणा, पुद्दुचेरी आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव येथे प्रायोगिक स्वरूपात) किमान ₹२०० चे बिल चालत होते आणि एका व्यक्तीला महिन्याला २५ च बिले टाकता येत होती. ₹२०० चे बिल आणि ₹२ लाखांचे बिल यांची एन्ट्री एकच. सुरत-बडोद्याच्या आणि सिल्वासाच्या मराठी घरांनी रोजच्या किराण्याची बिले टाकली असतील तर त्यांची शक्यता मोठ्या खरेदीदाराइतकीच होती. मर्यादा असेल तिथे छोट्या खरेदीदाराने ती पूर्ण वापरावी. मर्यादा नसेल तिथे मोठ्या खरेदीदाराशी बरोबरी करायला जाऊ नये.

कुपनासाठी जास्तीची खरेदी करणे परवडते का?

एका कुपनाची किंमत काढा. आपल्या उदाहरणात स्कूटर ₹९०,००० ची, पाच टीव्ही प्रत्येकी ₹२०,००० चे आणि शंभर व्हाउचर ₹१,००० ची. बेरीज ₹२,९०,०००. ती ११,००० कुपनांत वाटली तर एका कुपनाच्या वाट्याला सुमारे ₹२६ येतात. ते मिळवायला ₹२,००० खर्च होतात, म्हणजे ही १.३ टक्के सूट झाली. समोरचे दुकान त्याच मालावर दोन टक्के सूट देत असेल तर ते ₹४० रोख देत आहे. हिशेबाने तेच दुकान बरे.

त्यातून कर वजा करा. सोडतीत मिळालेल्या बक्षिसावर ३० टक्के दराने प्राप्तिकर लागतो, आणि उपकर धरून तो ३१.२ टक्के होतो. तुमचे बाकीचे उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असले तरी इथे सवलत नाही. बक्षीस ₹१०,००० पेक्षा मोठे असेल तर कर आधीच कापला जातो, आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कराची रक्कम भरल्याशिवाय आयोजकाने ती वस्तू ताब्यात द्यायची नसते. ₹९०,००० च्या स्कूटरसाठी ₹२७,००० आधी मोजावे लागू शकतात, शिवाय आरटीओ नोंदणी आणि विम्याचा खर्च कोणाकडे हे अटींमध्ये पाहावे लागते. करानंतर आपल्या कुपनाची किंमत ₹२६ वरून सुमारे ₹१८ वर येते. काही आयोजक हा कर स्वतः भरतात. अटींमध्ये तसे स्पष्ट लिहिले असेल तरच ते धरून चाला.

जी खरेदी करायचीच होती तिच्यावर मिळालेले कुपन जरूर भरा. नव्या ₹२,००० साठी पाकीट काढायच्या आधी हा ₹१८ चा आकडा आठवा.

दुसऱ्या संधीची सोडत म्हणजे काय, आणि तिथे शक्यता कशी बदलते?

पहिल्या सोडतीत नाव निघूनही बरेच विजेते येत नाहीत. कुपनाचा आपल्याकडचा अर्धा भाग हरवलेला असतो, मोबाइल नंबर चुकीचा लिहिलेला असतो किंवा मुदत टळून जाते. ही न नेलेली बक्षिसे, किंवा मुद्दाम बाजूला ठेवलेली काही बक्षिसे, न लागलेल्या कुपनांमध्ये पुन्हा सोडत काढून दिली जातात. ही पद्धत दोन प्रकारे चालते आणि दोन्हींतली शक्यता एकमेकींपासून फार दूर आहे.

पहिल्या प्रकारात पेटी तीच राहते. १०६ कुपने बाहेर पडली, १०,८९४ उरली. समजा ३० व्हाउचर पडून आहेत. तुमची सहाही कुपने पेटीत असतील तर:

```
=1-(1-30/10894)^6
```

म्हणजे १.६ टक्के. तुम्हाला काही करावे लागत नाही आणि आशाही फारशी धरू नये.

दुसऱ्या प्रकारात नवी एन्ट्री करावी लागते. न लागलेल्या कुपनाचा अर्धा भाग दुकानात आणून द्यायचा, किंवा त्यावरचा कोड संदेशाने पाठवायचा, किंवा ठरलेल्या संध्याकाळी स्वतः हजर राहायचे. इथे लोक गळतात. पहिल्या सोडतीत काही लागले नाही की बहुतेक जण कुपन फेकून देतात. समजा दहातले एकच कुपन परत आले, म्हणजे १,१००, आणि तुमची सहाही त्यांत आहेत:

```
=1-(1-30/1100)^6
```

म्हणजे १५.३ टक्के. बक्षिसे पहिल्यापेक्षा कमी असूनही शक्यता जवळजवळ तिप्पट झाली, कारण भाजक दहापटीने आटला. आमच्या मते ग्राहकाने या साऱ्या विषयातली एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्यावी: सोडतीत भाग घेणे जितके कटकटीचे, तितकी गर्दी कमी आणि तुमचा वाटा मोठा. निकालानंतर कुपने फेकू नका, आणि अटींच्या शेवटच्या ओळींत ‘न नेलेली बक्षिसे’ या शब्दांपुढे काय लिहिले आहे ते आधी वाचा. “न नेलेली बक्षिसे रद्द समजली जातील” असे असेल तर दुसरी सोडत नाहीच.

परत आलेल्या कुपनांचा अंदाजही बांधता येतो. कुपन जमा करताना रजिस्टरमध्ये नाव लिहून घेत असतील तर तुमचा अनुक्रमांक बघा. हजर राहायची अट असेल तर खुर्च्या मोजा, पण एकेकाकडे किती कुपने आहेत हे विसरू नका.

पहिल्यांदा लागले नाही, म्हणून दुसऱ्यांदा लागायची शक्यता वाढते का?

नाही. दुसरी सोडत स्वतंत्र असते आणि तिला तुमचे आधीचे नशीब माहीत नसते. दोन्ही मिळून किमान एकदा लागण्याची शक्यता मात्र मोठी असते, आणि ती योजनेच्या सुरुवातीलाच मोजायची असते. पहिल्यात न लागण्याची ०.९४४ आणि दुसऱ्यात न लागण्याची ०.८४७. गुणाकार ०.८०, म्हणून एकूण शक्यता २० टक्के. पहिली हुकल्यावर हातात उरते ती १५.३ टक्क्यांचीच.

अमेरिकेतल्या स्क्रॅच तिकिटांची ‘सेकंड चान्स’ सोडत हीच का?

तत्त्व तेच. तिथल्या अनेक राज्य लॉटऱ्यांमध्ये न लागलेल्या तिकिटावरचा कोड संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये टाकून पुढच्या सोडतीत भाग घेता येतो. न्यू जर्सी किंवा टेक्साससारख्या राज्यांतल्या मराठी वाचकांनी एक फरक ध्यानात घ्यावा: पुष्कळ ठिकाणी तिकिटाच्या किमतीप्रमाणे एन्ट्री मिळतात, दहा डॉलरच्या तिकिटाला दहा आणि एका डॉलरच्या तिकिटाला एक. त्यामुळे भाजकात तिकिटे धरायची नाहीत, एन्ट्री धरायच्या. काही लॉटऱ्या सोडतीनंतर एकूण एन्ट्रींचा आकडा जाहीर करतात. मागच्या दोन-तीन सोडतींचे आकडे बघितले तर पुढच्याचा अंदाज कुपनाच्या क्रमांकावरून बांधलेल्या अंदाजापेक्षा पक्का येतो.

दुकानांच्या आणि कंपन्यांच्या सोडतींत तिथे खरेदीची सक्ती करता येत नाही. पोस्टाने किंवा ऑनलाइन फुकट एन्ट्रीचा मार्ग द्यावा लागतो आणि तिची शक्यता विकत घेतलेल्या एन्ट्रीइतकीच असावी लागते. तो मार्ग अटींमध्ये बारीक अक्षरांत असतो. तिथे कुपनासाठी खर्च करायचे कारणच उरत नाही.

पेटी नीट ढवळली नाही तर?

मग वरचे सगळे गणित डळमळते, कारण ते प्रत्येक कुपन निघण्याची शक्यता सारखी आहे हे गृहीत धरते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दुकानातले नाही. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली गेली. महिन्यांच्या क्रमाने भरलेल्या कॅप्सूल पुरेशा ढवळल्या गेल्या नाहीत, आणि वर्षअखेरच्या तारखा प्रमाणाबाहेर आधी निघाल्या. दुकानाच्या उभट पेटीतही शेवटच्या आठवड्याची कुपने वर राहतात. आडवी फिरणारी जाळीची पिंपे बरी, पण काठोकाठ भरली तर त्यांतही कुपने हलत नाहीत. अर्धे पिंप रिकामे असायला हवे. सोडतीला हजर असाल तर पेटी सगळ्यांसमोर मोकळी करून ढवळायची मागणी करा. ती रास्त आहे.

पेटीऐवजी अंकांची चक्रे फिरवून क्रमांक काढला तर?

तेव्हा भाजक वेगळा. ५०,००० कुपने छापली आणि ३२,००० च वाटली गेली असे समजा. न वाटलेला क्रमांक निघाल्यावर पुन्हा चक्र फिरवत असतील तर भाजक ३२,०००. बक्षीस तसेच सोडून देत असतील तर भाजक ५०,०००, आणि तुमची शक्यता तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटली. हे अटींमध्ये लिहिलेले नसेल तर सोडतीआधी विचारा, नंतर नाही.

‘ही योजना तामिळनाडूत लागू नाही’ असे का लिहितात?

त्या राज्यात बक्षीस योजनांवर बंदी घालणारा १९७९ चा कायदा आहे, म्हणून देशव्यापी कंपन्या ही ओळ छापतात. तुमच्या शक्यतेशी तिचा संबंध एवढाच की तिथली कुपने पेटीत नसतात.

निकाल कुठेच लागला नाही. काय करता येते?

योजना संपल्यावर अंतिम निकालाची माहिती भाग घेणाऱ्यांपासून दडवणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी दुकानाला लेखी विचारा, आणि बिल, कुपनाचा अर्धा भाग व जाहिरातीचा फोटो जपून ठेवा. उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

“तुम्हाला कार लागली आहे, आधी कर भरा” असा फोन आला. कर तर खरेच भरावा लागतो ना?

लागतो, आणि फसवणारे नेमका त्याचाच फायदा घेतात. आधी बघा, त्या योजनेचे कुपन तुमच्याकडे आहे का? नसेल तर पुढे बोलूच नका, कारण न भरलेल्या एन्ट्रीची शक्यता शून्य असते. कुपन असेल तर फोन ठेवा आणि बिलावरच्या पत्त्यावर स्वतः जा. खरा आयोजक तुमचा पॅन मागतो, कराची रक्कम कंपनीच्या खात्यात पावती देऊन घेतो, आणि तो कर सरकारजमा झाल्याची नोंद तुमच्या पॅनवर दिसते. एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर पैसे मागणारा, ‘आज रात्री बारापर्यंत’ अशी घाई करणारा आणि ओटीपी विचारणारा माणूस आयोजक नव्हे.